सुविधाचं जुनं खातं

तीन जूनला मी सुविधाचं खातं पुसलं. चूक माझी, आणि आमच्या कचेरीत ती कोणी नाकारणार नाही. मी तर नाहीच नाही.

आमची शाळा डिचोलीत. मी तिथली हेडक्लार्क, शालिनी. शिक्षकांची शाळेच्या नावाची ई-मेल खाती उघडणं-बंद करणं हे गेली पाच वर्षं माझ्याच गळ्यात आहे. फायली साठवायची जागा भरत आल्याची सूचना मेमध्ये ई-मेलच्या कंपनीकडून आली, म्हणून सुट्टी संपताच मी यादी घेऊन बसले. सोडून गेलेल्यांची अकरा खाती निघाली. प्रत्येक वेळी मशीन विचारायचं, यातल्या फायली दुसऱ्या कोणाच्या नावावर करायच्या का? मी नको म्हणायचे. सातवं नाव सुविधा. म्हटलं, या नावाची बाई आपल्याकडे नाहीच. पुसून टाकलं.

खरं तर मी तिच्या लग्नाला जेवले होते. ताटातल्या तांदळांवर नवऱ्याने अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, तेव्हा मी पुढच्याच खुर्चीवर होते. लग्नानंतर अर्ज आला आणि ‘तेजस्विनी’ नावाचं नवं खातं मीच उघडून दिलं. दोन वर्षांत सगळ्या शाळेने तिला तेजस्विनी टीचर करून टाकलं, आणि सुविधा माझ्या डोक्यातून साफ गेली. माझ्यासारख्या बाईने हे विसरावं? माझं स्वतःचं माहेरचं नाव आज कोणाला ठाऊक आहे!

याच मेमध्ये तेजस्विनी टीचर गेली. डेंग्यू. सासरच्यांनी आज नेऊ, उद्या नेऊ करत चार दिवस काढले. मला त्यांचा राग येतो, आणि तो गिळायची मला काही गरज वाटत नाही.

बावीस जूनला, शनिवारी, तिची आई आली. सुमंगलाकाकी. चोपड्याहून दोन बसी बदलून. हातात बटणांचा फोन आणि कापडी पिशवी.

“माझ्या चेडवाचो आवाज तुमच्याकडे आसा मां?” तिने विचारलं.

मुलीचा आवाज आमच्याकडे कसा, मला कळेना. मग तिने सांगितलं. कोरोनात शाळा बंद असताना मुलगी माहेरीच होती, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीतून शिकवायची, आणि गैरहजर मुलांसाठी प्रत्येक तास रेकॉर्ड करून ठेवायची. तिचा मोबाइल सासरी राहिला, ते देत नाहीत. फोटो आहेत, पण आवाज कुठेच नाही.

“तेजस्विनीच्या खात्यात बघते, काकी.”

“ता नाव माका सांगू नको,” काकी म्हणाली. “माझा चेडू सुविधा.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. रेकॉर्डिंगं लग्नाआधीची. म्हणजे जुन्या खात्यातली. मी पुसलेल्या खात्यातली.

मी काकीला खोटं सांगू शकले असते. मशीनवर ढकललं असतं तरी तिला काय कळणार होतं? पण ती माझ्याकडे अशी बघत होती की माझ्याच्याने झालं नाही. “काकी, मी ते चुकून पुसलंय,” मी म्हटलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीवर बसली.

पुसलेलं खातं वीस दिवसांपर्यंत परत आणता येतं. त्यानंतर कंपनीच्या हातापाया पडून उपयोग नाही. मी बोटांवर दिवस मोजले. एकोणीस. उद्या रविवार, आणि सोमवारी सगळं संपलेलं. शिवाय पुसायचा अधिकार मला, परत आणायचा नाही. तो एकट्या साईशला, आमच्या संगणकाच्या मास्तरला. आणि साईश त्या दिवशी वास्कोला प्रशिक्षणाला, फोन बंद करून बसलेला.

मी अकरा वेळा फोन लावला. मधल्या वेळेत हेडमास्तर कृष्णनाथ सरांकडून कागदावर परवानगी घेतली. खातं शाळेचं, म्हणून ती लागणारच. सरांनी एकच अट घातली, “तिच्या मेलना हात लावायचा नाही. फक्त शिकवण्याची रेकॉर्डिंगं.” मला सरांचं ते आवडलं.

साडेबाराला जेवणाच्या सुट्टीत साईशने फोन उचलला. मी त्याला एवढं झापलं की बिचाऱ्याने काय झालं तेही विचारलं नाही. तिथल्याच संगणकावर तो आत शिरला, त्याच्या मोबाइलवर आलेला कोड टाकून झाला, आणि अलीकडे पुसलेल्यांची यादी त्याने उघडली.

“आहे,” तो म्हणाला. “सुविधा. परत आणतो.”

मला रडू फुटलं. काकीने आपल्या पदराने माझे डोळे पुसले. तिने माझे!

“पण मॅडम,” साईश म्हणाला, “खातं आलं तरी आतलं सगळं दिसायला चोवीस तास लागू शकतात. नवा पासवर्ड पाठवतो. सोमवारी उघडा.”

रविवारी मला घास गेला नाही. नवऱ्याने विचारलं तर त्याच्यावरच खेकसले.

सोमवारी काकी शाळा उघडायच्या आधीच फाटकाशी उभी होती. मी नव्या पासवर्डने खातं उघडलं. फायली होत्या. एकशे बारा रेकॉर्डिंगं, तारखेवार. काकीने शेवटचं लाव म्हणून सांगितलं. जानेवारीतलं, लग्नाच्या चार महिने आधीचं.

सुविधा सातवीला अपूर्णांक शिकवत होती. मधेच “आई, मिक्सर बंद कर गो,” म्हणून हसली. काकी पडद्याला हात लावून बसली. तास संपला, मुलं एकेक करून गेली, पण रेकॉर्डिंग बंद करायला ती विसरली होती. खोलीत कोणी आल्याचा आवाज झाला.

“आई, माका इतक्यात लगीन करूचा नाय.”

“मगे कधी? चांगली माणसां आसत. व्हय म्हणून टाक.” हा आवाज काकीचा होता.

“नाव बदलतले ते. माका माझा नाव आवडता.”

“नाव बदलून कोण मरता काय गो?”

मी घाईने बंद केलं. काकीकडे बघायची माझी हिंमत होईना. “काकी,” मी म्हटलं, “साईश हे सगळं तुमच्या फोनच्या कार्डावर घालून देईल. शेवटचा एवढा भाग कापायला सांगते.”

“कापू नको.”

“कशाला ऐकता ते, काकी?”

“बाकीच्यात ती पोरांकडे बोलता,” काकी म्हणाली. “हय ती माझ्याकडे बोलता. परत लाव.”

मी लावलं. पुन्हा तो हट्ट, पुन्हा ती समजूत, पुन्हा ते नावाचं. काकी पडद्याच्या अगदी जवळ वाकली. जिथे मी मघाशी थांबवलं होतं, तिथून आता रेकॉर्डिंग पुढे सरकलं. त्यात खोलीबाहेर कुठेतरी कोंबडा आरवत होता.

“नाय म्हण, बाय,” काकी कुजबुजली. “नाय म्हण गो.”

“बरा, आई,” सुविधा म्हणाली. “तू सांगतंस तर.”