पायरीचा नवस

त्या मंगळवारी सकाळी वाटूर फाट्यावर यष्टी थांबली तेव्हा मायने माझा हात हळूच बाजूला केला. उजव्या हाताने दाराची दांडी धरली, पहिली उंच पायरी गाठली, क्षणभर थांबली, मग दुसरी, आणि आत गेली. डावा हात तिने पोटाशी धरला होता. त्या हातात शिरा जोडून घेतल्या होत्या आणि तिथून तिचं रक्त डायलिसिसच्या मशिनीत जायचं, म्हणून त्या हातावर ती कधी भार घेत नसे. एरवी वाहक वरून ओढायचा आणि मी खालून लोटायचे. आज वाहक नुसताच बघत उभा होता.

"मावशी, धरू का न्हाई?"

"तू बेल मार," माय म्हणाली.

मी मागून चढले. ती खिडकीशी बसली, पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी ऐकायचं होतं, हे मला कळलं. मी विचारलं, "पिशवी घेतली ना?"

"घेतली," ती म्हणाली आणि बाहेर बघू लागली. कापूस वेचणीला आला होता.

बाकी दिवस नेहमीसारखाच गेला. जालन्याला दवाखाना, काट्यावर वजन, मशिनीची घरघर. परतताना ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. डायलिसिसनंतर ती थकायचीच. त्या दिवशी चालणं, पायाचा व्यायाम काही नसायचं. संध्याकाळी तिची जाऊ गोजरबाई ओट्यावर आली. सकाळी फाट्यावर दूध घालायला गेलेल्या कुणीतरी तिला बातमी दिली होती.

"आल्या बाई यष्टीत चढून. फिटला म्हणायचा नवस. आता प्या चहा बादलीभर."

"न्हाई गं," माय म्हणाली. "आता उतरायचा नवस बोलते. उतरताना अजून ही माझी उषा धरून राह्यली."

दोघी हसल्या. दुसऱ्या दिवशी मी चहा ठेवायला उठले, तेव्हा माय झोपेतच गेलेली होती.

नवसाची गोष्ट आधीच्या उन्हाळ्यातली.

मायच्या किडन्या रक्तदाबाने गेल्या. सुरुवातीला औरंगाबादला जावं लागायचं, मग जालन्यातल्या एका दवाखान्यात मशीन आली. आठवड्यातून दोनदा जायचं. मी जालन्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला. सोमवारी रात्री वाटूरला यायची आणि मंगळवारी तिला घेऊन जायची. शनिवारची पाळी माझा धाकटा भाऊ रामकिसन करायचा. माझ्याकडे नवीन जालन्यात येऊन राहा म्हटलं तर ती म्हणायची, तिथं मी कोणाशी बोलू, तुझ्या पुस्तकांशी?

आजारी माणसाला उठू द्यायचं नाही ही आमच्याकडची रीत. पाहुणा आला की आधी म्हणायचा, बसा बसा, उठू नका. सुनेने तिच्या हातातला झाडू घेतला, रामकिसनने खाट बाहेरच्या खोलीत आणली, पाणी उशाशी आलं. वर्षभरात तिच्या मांड्या माझ्या दंडाएवढ्या झाल्या. खाली बसली की दोघांनी उठवावं लागे. सगळ्यांत तिला लागायचं ते यष्टीत चढणं. परक्या माणसाने काखेत हात घालून ओढायचं आणि मागची गर्दी बघत राहायची. "पोत्यावाणी चढवतात मला," एकदा ती म्हणाली. मग दोन मंगळवार ती जायलाच तयार होईना. डायलिसिस चुकवलं तर काय होतं हे तिला ठाऊक होतं. तरी होईना.

दवाखान्यातले डॉक्टर सिराजोद्दीन यांना मी हे सांगितलं. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं. "अम्मा, हात न टेकवता उठून दाखवा."

तिला उठता आलं नाही.

"हे किडनीचं नाही. हे खाटेचं आहे," ते म्हणाले. "पाय वापरले नाहीत तर जातात. वापरले तर परत येतात, थोडे थोडे."

त्यांनी छाती तपासली, ईसीजी काढला, रक्त बघितलं, आणि मगच सांगितलं. डायलिसिस नसेल त्या दिवशी चालायचं. आधी थोडंसं, अंग मोकळं होईपर्यंत हळू, आणि थांबायच्या आधी पुन्हा हळू. चालता चालता बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की वेग जास्त झाला. भिंतीला धरून टाचा उचलायच्या. उंच ओट्यावर बसून उठायचं, जमेल तितकंच. डावा हात वजन उचलायला वापरायचा नाही. मशिनीवर असताना सुरुवातीच्या वेळात आडवं पडूनच पाय हलवायचे, सुया टोचलेला हात मात्र हलवायचा नाही. शेवटी शेवटी रक्तदाब खाली येतो, तेव्हा स्वस्थ पडायचं. छातीत दुखलं, चक्कर आली, धडधड झाली, दम लागला, ताप असला, किंवा डायलिसिस चुकलं असलं तर त्या दिवशी बिलकुल नाही.

"यानं किडनी बरी होईल का?" मायने विचारलं.

"नाही होणार. झूठ कशाला बोलू? पण पायात बळ येईल, झोप लागेल, जेवण जाईल, रक्तदाबालाही बरं."

"यष्टीत चढता येईल का?"

डॉक्टर हसले नाहीत. "ती पायरी उंच असते," ते म्हणाले. "पण बघू."

वाटूरात बाईमाणूस उगाच चालत नाही. पाण्याला जाते, शेतात जाते, देवळात जाते. माय हातात रिकामा तांब्या घेऊन निघू लागली, म्हणजे कुणी विचारलं तर मारुतीला पाणी घालून आले म्हणता यावं. पहिल्या आठवड्यात शेजारच्या लिंबापर्यंत, मग पिठाच्या गिरणीपर्यंत. दोन-तीन आठवडे बरं चाललं. मग तिला दम लागू लागला. पायावर सूज आली, रात्री उशा चढवून झोपावं लागे.

रामकिसन चिडला. "आक्का, तुझ्या डॉक्टरला म्हणावं, मायला पळायच्या शर्यतीत घालायचं न्हाई. चालणं बंद."

चालणं बंद झालं. माय पुन्हा खाटेवर आली आणि भिंतीकडे तोंड करून पडू लागली. मला वाटलं, रामकिसनचंच बरोबर असेल.

पुढच्या मंगळवारी डॉक्टरांनी काटा बघितला आणि मायकडे बघितलं. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन वाढतं ते पाण्याचं, आणि तिचं फार वाढलं होतं.

"अम्मा, पाणी किती पिता?"

"तुम्ही सांगितलं तेवढंच. भांड्यानं मोजून."

"आणि चहा?"

माय काट्यावरून खाली उतरली. मग म्हणाली, "चहा मी मागत न्हाई. लोक देतात."

हळूहळू सगळं बाहेर आलं. ती गल्लीतून निघाली की पहिल्या दारात गोजरबाई. "बाई, घोटभर घ्या." पुढे नूरबी. "द्वारकाबाई, आज बरं दिसून राह्यलं. आओ, बसा." गिरणीपाशी गिरणीवाल्या भुजंगची बायको. आजारातून उठून कुणी दारात आलं आणि कोरडं गेलं तर ते घरालाच लागतं. दोन घोट घेतल्याशिवाय माय पुढे जाणार कशी? चालत होती ती गिरणीपर्यंत, पण येताना पोटात तीन-चार कप असायचे. लघवी होतच नव्हती. ते पाणी अंगात, मग फुप्फुसात.

"तुमचा दम चालण्याचा नव्हता," डॉक्टर म्हणाले. "चहाचा होता. चहा बंद करा. अंगातलं जास्तीचं पाणी निघून वजन ठिकाणावर आलं, दम गेला, की चालणं पुन्हा चालू करा."

"न्हाई कसं म्हणू हो लोकांना?" माय म्हणाली. "डॉक्टरनं सांगितलं म्हणलं तर म्हणतात, घोटानं काय होतंय."

येताना यष्टीत ती खिडकीशी बसली. वाटेतलं रामनगर मागे पडलं तेव्हा म्हणाली, "उषे, मी चहा सोडते. तुळजापूरच्या देवीला."

"डॉक्टरला नाही?"

"डॉक्टरचं कोण ऐकतं?"

आणि तसंच झालं. देवीला सोडलेला चहा कुणी आग्रह करून पाजत नाही. पाजलं तर पाप लागतं. दम उतरल्यावर ती पुन्हा निघाली तेव्हा गोजरबाईने कप आत नेला.

"कशापायी सोडला म्हणायचा?"

"आपल्या पायानं यष्टीत चढायचंय."

गोजरबाई एवढी हसली की पदर तोंडात धरावा लागला. "लोक लेकराबाळांसाठी नवस बोलतात, ह्या बाईनं महामंडळासाठी बोलला." पण दुसऱ्या दिवशी तीच चपला घालून दारात उभी. नवस बोललेल्या बाईला एकटं कसं सोडायचं? गोजरबाई गिरणीपर्यंत, तिथून नूरबी फाट्याच्या वळणापर्यंत. दोघीही बडबड्या. मायचं बोलणं तुटलं की त्यांना लगेच कळायचं आणि त्या थांबायच्या. बोलण्याचा नियम मी त्यांना सांगितला नव्हता. गप्पा अर्धवट राहिलेल्या त्यांना चालत नव्हत्या, एवढंच.

श्रावणात ती खुर्चीवरून हात न टेकवता उठली. दसऱ्याला खाली बसून पुरणाला हात लावला आणि भिंतीच्या आधाराने आपली आपण उठली. रात्री पायात गोळे येत, ते कमी झाले. मंगळवारी फाट्यावर मात्र वाहकाला अजून हात द्यावा लागे. कधी अर्धा, कधी नुसता कोपराला. आणि मग तो मंगळवार आला.

दहाव्याला नात्यातले लोक जमले. ओट्यावर कुणीतरी म्हणालं, "चालवून चालवून मारलं म्हातारीला." आवाज खाली होता, पण मला ऐकू यावं एवढा होता. गोजरबाई आतून म्हणाली, "खाटेवर पडली असती तर मरायची न्हाई का?" रात्री रामकिसन माझ्याजवळ येऊन बसला. "आक्का, खरंच तसं असंल का?"

मला माहीत नव्हतं. म्हणून मी दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या एसटीडीवरून डॉक्टरांना फोन केला.

"या आजारात हृदय आधीच थकलेलं असतं," ते म्हणाले. "असं अचानक जाणं होतं, झोपेतही. नक्की काय झालं ते मी सांगू शकत नाही. पण वजन ताब्यात होतं, दम नव्हता, ती जपून चालत होती. चालण्यानं झालं असं मला दिसत नाही." मग त्यांनी विचारलं, "चढली का हो ती शेवटी? यष्टीत?"

"चढली," मी म्हणाले.

"अकेली?"

"एकटी."

"मला सांगितलं नाही त्या दिवशी," ते म्हणाले. "मशिनीवर नुसती हसत होती."

फोन ठेवून मी घरी आले आणि रामकिसनला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि खाट उचलून गोठ्याकडे नेऊन ठेवली.

तेरावा झाला आणि मी जालन्याला निघाले. गोजरबाई आणि नूरबी फाट्यापर्यंत सोबत आल्या. गिरणीपाशी भुजंगची बायको दारात उभी होती, तिने चहाला बोलावलं नाही. यष्टी आली. तोच वाहक होता. त्याने माझ्यामागे बघितलं, कोणी नाही हे त्याला दिसलं, आणि त्याने नजर खाली केली.

मी दांडी धरली. पायरी खरंच उंच होती. इतक्या मंगळवारांत मला ते कधी जाणवलं नव्हतं, कारण माझं लक्ष तिच्या पायांकडे असायचं. मी चढले, खिडकीची जागा मोकळी सोडून तिच्या शेजारी बसले. गाडी सुटली. कापसाची पहिली वेचणी झाली होती, शेतातलं पांढरं ओसरलं होतं.

"माय," मी म्हणाले. पुढच्या बाकावरच्या बाईने वळून बघितलं. मी आवाज खाली केला नाही. "माय, तू एकटी चढलीस. मी बघत होते. फार छान चढलीस."