बिनरेघेचा पापा

“बोल ना गं. एकदाच बोल,” मी म्हणाले, आणि सायराने माझा फोन तोंडात घातला.

सकाळपासून हेच चाललं होतं. आमच्या आन्दावायलास गावच्या बाजारात रविवारी श्वास घ्यायला फुरसत नसते. समोर गिऱ्हाईक, मागे बटाट्याची पोती, मधल्या घोंगडीवर माझी लेक, आणि मी एका हाताने तराजू सांभाळत दुसऱ्या हाताने तिचा व्हिडिओ काढायच्या खटपटीत. फोन दिसला की कार्टी गप्प. फोन खिशात गेला की तोंडाचा पट्टा सुरू.

आदल्या दिवशी दुपारी ती पहिला शब्द बोलली होती. मी उआयरो जातीचा उकडलेला बटाटा सोलत होते. साल निघाली, बटाटा फुटला, वाफ आली. घोंगडीवरून ती पुढे झुकली, एक बोट नेमकं त्या बटाट्यावर रोखलं आणि म्हणाली, “पापा.” एखाद्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने भाव विचारावा तशी. माझ्या हातातला बटाटा मातीत पडला. कालपर्यंत जे गाठोडं नुसतं रडत होतं, त्याने आज जगातल्या एका वस्तूला तिच्या नावाने हाक मारली होती.

आमच्याकडे पापा म्हणजे बटाटा आणि पापा म्हणजे बापही. बोलताना बटाट्याच्या पहिल्या अक्षरावर जोर, बापाच्या दुसऱ्यावर. लिहिताना बापाच्या शेवटच्या अक्षरावर एक बारीक तिरकी रेघ येते, बटाट्यावर येत नाही. बाकी सगळं सारखं. आणि एवढ्याशा पोरीच्या तोंडात जोर असा नसतोच, दोन्ही अक्षरं सारखीच आपटतात.

म्हणून मी खात्री करून घेतली. दवाखान्यातल्या नर्सबाई इर्मा यांनी वजनाच्या वेळी समजावलं होतं की नुसती बडबड म्हणजे शब्द नव्हे. तोच आवाज, त्याच वस्तूसाठी, कुणी न पढवता, पुन्हा पुन्हा आला तर तो शब्द. मी बटाटा दाखवला. “पापा.” लपवला, परत काढला. “पापा.” कांदा दाखवला, तरीही “पापा”. इर्माबाईंनी हेही सांगितलं होतं, पहिला शब्द पोरं सगळ्यांवर चिकटवतात, जे गोल असेल त्यावर. शेवटी विल्बेरचा, तिच्या बापाचा फोटो समोर धरला. तिने फोटो चाटला आणि खाली टाकला.

विल्बेर माझा नवरा. सायरा मान धरायला लागली होती तेव्हा तो खाणीवर गेला, समुद्राकडच्या डोंगरात. त्याच्या छावणीत सिग्नल नाही. सुट्टीच्या दिवशी टेकडीवर चढला तरच फोन लागतो.

सासूबाईंनी हे सगळं शेजारच्या पोत्यावर बसून पाहिलं होतं. तरी संध्याकाळपर्यंत अख्ख्या घरच्या ग्रुपवर त्यांचा आवाज फिरला होता : माझ्या नातीने बापाला हाक मारली.

“आई, ती बटाट्याला म्हणाली,” मी म्हणाले.

“तुला काय कळतंय. पोरीचं रक्त बोललं.”

“तिचं बोट बटाट्यावर होतं.”

“बोट कुठंही जातं, एदेल. जीव बापाकडे गेला.”

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण ही गोष्ट माझी होती. दिवसभर तिला पाठीवर बांधून पोती ओढते ती मी, तो शब्द ऐकणारी मी, आणि तो जसा होता तसाच मला लिहायचा होता. आज व्हिडिओ काही निघेना, पण दोन्ही मुठींत बटाटे धरलेला तिचा एक छान फोटो होता. त्याखाली एक ओळ टाकून स्टेटस ठेवायचं, एवढंच.

एवढंच, पण ती ओळ जमेना. आधी लिहिलं, “अखेर आमची सायरा पहिल्यांदा बोलली आणि आमचं हृदय आनंदाने भरून आलं.” हे सगळेच लिहितात. खोडलं. मग लांबलचक लिहिलं, वाफ, साल, मातीत पडलेला बटाटा. मलाच वाचताना कंटाळा आला. मग एक गिऱ्हाईक आलं, त्याला पिवळे पेरुआनिता हवे होते आणि प्रत्येक बटाटा दाबून बघायचा होता. तो जाईपर्यंत फोन झोपला आणि लिहिलेलं गेलं.

तिसऱ्यांदा सुचलं ते आपोआप सुचलं. “बाईसाहेब बोलल्या. आईला नाही, आजीला नाही, थेट जेवणाला. पहिला शब्द : पापा.” वाचून मला हसू आलं. तिची ऐट अगदी तशीच होती. पण फोनने शेवटच्या अक्षरावर स्वतःच रेघ ओढली. मी काढली. त्याने परत ओढली. तीनदा भांडून ती रेघ काढली आणि स्टेटस ठेवलं.

पाच मिनिटांत नणंदेचं उत्तर आलं, “विल्बेर रडेल गं वाचून.” मग मावशीचं, “बापाची लाडकी.” कोणी जेवण वाचलं नाही, कोणी रेघ पाहिली नाही. आमच्या गावात कोण रेघा देतं. घाईत सगळे बापालाही बिनरेघेचाच लिहितात. मी एकेकीला कळवत बसले, “बटाटा, बटाटा.” नणंदेने हसरी तोंडं पाठवली आणि लिहिलं, “जळू नकोस, पुढचा शब्द आई असेल.” मला इतका राग आला की मी एका बाईला सुटे पैसे द्यायलाच विसरले. तिने चार माणसांत मला सुनावलं.

ओळीत सरळ ‘बटाटा, बाप नव्हे’ असं लिहायला घेतलं. बोट थांबलं. दिवसचे दिवस दगडाच्या पोटात राबून सुट्टीला टेकडी चढलेल्या माणसाने हे वाचायचं?

तेवढ्यात त्याचाच फोन आला. पडद्यावर वाऱ्याने उडणारे केस, मागे टेकडीचा उघडा माथा. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन जवळजवळ ओढून घेतला.

“पोरा, तुझं नाव घेतलं बघ तिने. सायरा, बोल बाळा, पापा बोल.”

सायराने पडद्याकडे पाहिलं. ओठ मिटलेले. सासूबाईंनी तिची हनुवटी हलवली, गाल दाबला, तिने हात झटकला. मग समोरच्या पोत्याकडे बोट केलं आणि खणखणीत म्हणाली, “पापा.”

“ऐकलंस? ऐकलंस?” सासूबाई म्हणाल्या आणि डोळे पुसत शेजारणीला सांगायला गेल्या.

मी फोन घेतला.

“एदेल,” विल्बेर म्हणाला, “रेघ नव्हती.”

“काय?”

“तू लिहिलंस त्यात. शाळेत माझ्या वहीतल्या रेघा तूच दुरुस्त करायचीस. तू विसरायची नाहीस.”

“फोनच सारखा देत होता रेघ,” मी म्हणाले. “मीच काढली.”

“बरं केलंस. कुठला होता?”

“उआयरो.”

“उकडलेला?”

“हो. फुटलेला.”

तो थोडा हसला. मागे वारा जोरात होता. मग म्हणाला, “अजून एकदा दाखव तिला. फोन जरा तिच्याजवळ धर.”

मी पोत्यातला एक मोठा बटाटा उचलला, माती पुसली आणि तिच्यासमोर धरला. दुसऱ्या हातात फोन.

“पापा,” सायरा म्हणाली.

“ओ,” तिकडून तो म्हणाला.

तिने बटाट्याकडे नीट पाहिलं, मग परत म्हणाली. त्याने परत ओ दिली. समोर दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, माझा हात अवघडला होता. मी तो खाली घेतला नाही.