एकेचाळीस नंबरची किल्ली

संस्थेचे उद्देश सत्तेचाळीस होते. स्थापनेच्या वेळी ते नऊच होते. पुढे दरवर्षी सर्वसाधारण सभेत कुणीतरी उठायचं, "हेही असू द्या" म्हणायचं, आणि वाईटपणा कोण घेणार म्हणून तेही असायचं. त्यामुळे सातवा उद्देश वाचनालय चालवण्याचा होता, आठवा पोहायला शिकवण्याचा आणि एकोणतिसावा वाचनालयाला खिडक्या बसवण्याचा.

निबंधक कार्यालयाचं पत्र आलं : उद्देशांची विषयवार मांडणी करून सुधारित नियमावली सादर करावी, मात्र एकही उद्देश वगळू नये, कशाचाही आशय बदलू नये, आणि तसं अध्यक्ष व चिटणीस यांनी लिहून द्यावं.

काम चिटणिसाकडे गेलं. हा माणूस मुळातच नीटनेटका. त्याची बायको सांगायची, "आमच्याकडे डबे उंचीप्रमाणे लावलेले असतात. मीठ सापडत नाही, पण दिसतं छान." त्याने तीन आठवडे खपून पाच विषय पाडले आणि सत्तेचाळीस उद्देश त्यांत बसवले. शेजारी तक्ता केला : जुना क्रमांक, नवा क्रमांक, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात सगळीकडे बरोबरची खूण.

रविवारी सकाळी कार्यकारिणी बसली. अध्यक्ष, चिटणीस आणि सल्ला द्यायला आलेल्या वकीलबाई. खिडकीशेजारी अध्यक्षांनी नुकतंच घेतलेलं लांब टेबल उभं करून ठेवलं होतं, कारण ते आडवं मावेल अशी जागा फक्त मागच्या खोलीत होती. मागच्या खोलीत चिटणिसाचे मामा शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. तिथे त्यांना बावीस वर्षं झाली होती.

"मामांना बोलावलंय," अध्यक्ष म्हणाले. "किल्ली आजच घेऊन टाकू. नव्या यादीत फक्त सभासदांची यंत्रं आहेत. वर्षाला तीन. तीन यंत्रांना खोली कशाला?"

मामा आले. हातात किल्ली होती आणि तिला पत्र्याचा बिल्ला. संस्थेत खोल्यांना नावं नव्हती. जो उद्देश जिथे चालायचा, त्याचाच क्रमांक किल्लीवर ठोकलेला असायचा.

"भाचेबुवा, यावर एकेचाळीस आहे," मामा म्हणाले. "माझं एकेचाळीस कुठे ठेवलंस?"

"तीन-ग मध्ये, मामा. हे बघा तक्त्यात. बावीसही तिथेच. दोन्ही शिवणयंत्रांचेच होते, म्हणून एक केले."

"लग्न लावलंस म्हण की. आणि घर कुणाचं राहिलं?"

वकीलबाईंनी पेन्सिल उचलली. "तक्ता राहू द्या. जुनं वाचा, शब्दन् शब्द."

चिटणिसाने वाचलं. "बावीस : सभासदांच्या घरी जाऊन शिवणयंत्रे दुरुस्त करून देणे. एकेचाळीस : संस्थेच्या जागेत, यंत्र आणून देणाऱ्या कोणाचेही शिवणयंत्र दुरुस्त करून देणे."

"आता तीन-ग."

"सभासदांची शिवणयंत्रे दुरुस्त करून देणे." शेवटचा शब्द येईपर्यंत त्याचा आवाज बराच खाली गेला होता.

"म्हणजे क्रमांक सापडतो आणि उद्देश सापडत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "'कोणाचेही' गेलं, जागा गेली, घरी जाणंही गेलं. आणि काही गेलं नाही असं तुम्ही दोघं सही करून सांगणार. उद्देश कमी करायचाच असेल तर तसा ठराव मांडा. आवरण्याच्या नावाखाली नको."

अध्यक्षांनी टेबलाकडे पाहिलं. "बरं, मग एकेचाळीस ठेवा आणि बावीस गाळा. 'कोणाचेही' म्हटलं की सभासद आलेच."

"चालेल की," मामा म्हणाले. "वहिनींना मात्र सांगा, पुढच्या खेपेला यंत्र इथे आणायचं. पायाचं आहे, ओतीव लोखंडाचं. तुमचा तिसरा मजला. हळू उतरा."

वकीलबाईंनी पेन्सिलीला टोक करायला घेतलं. 

"दोन्ही ठेवा," अध्यक्ष म्हणाले.

तीन-ग आणि तीन-घ झाले. वकीलबाईंनी एवढ्यावर सोडलं नाही. जिथे जिथे दोन जुने क्रमांक एका नव्यात गेले होते, ते सगळे त्यांनी वाचायला लावले : काय, कुणासाठी, कुठे. वाचनालयाच्या खिडक्या 'वाचनसंस्कृतीच्या प्रसारातून' परत काढाव्या लागल्या. दुपारी दीडला यादी संपली. उद्देश सत्तेचाळीसच भरले, वर पाच मथळे. नीटनेटकी यादी जुनीपेक्षा अर्धं पान लांब झाली. चिटणिसाने शेऱ्याच्या खुणा खोडून पुन्हा केल्या, या वेळी वाचून. महिन्याने सर्वसाधारण सभेने ती जशीच्या तशी मंजूर केली.

नवा बिल्ला घेऊन चिटणीस मागच्या खोलीत गेला. "मामा, आता तुम्ही तीन-घ."

"ठेव तिथे," मामा म्हणाले. ते एका यंत्राखाली आडवे झाले होते. यंत्राची मालकीण स्टुलावर बसली होती. ती सभासद नव्हती. किल्ली खिळ्याला होती, एकेचाळीस वर करून.