भावाभावांत एकच दर

खोक्यांचा कारखाना विकताना धाकट्याला वरचे अडीच लाख सुटणार होते. तेही सख्ख्या भावाच्या वाट्यातून, आणि भावाला वासही न लागता.

कारखान्याने दोघा भावांना साठीनंतर पेन्शन कबूल केलं होतं: वर्षाला चार लाख, दहा वर्षं, माणूस मधेच गेला तर उरलेले हप्ते वारसांना. दादाचा पहिला हप्ता तीन वर्षांनी, धाकट्याचा पंधरा वर्षांनी. खरेदीदाराला हे लोढणं गळ्यात नको होतं. काय ते एकरकमी देऊन त्याला मोकळं व्हायचं होतं. पुढचे पैसे आज द्यायचे, तर मधल्या वर्षांचं व्याज त्यातून कापतात. दर चढा, तर हातात पडणारी रक्कम लहान. कारखान्याच्या ताळेबंदात हा दर वर्षानुवर्षं आठ टक्के होता. आठने दादाचे तेवीस लाख होत होते, बाराने अठरा.

"दादांना बारावर आणा," खरेदीदार जिन्यात म्हणाला होता. "त्यांचे वाचतील, त्यातले निम्मे तुमचे."

आणि आता दोघे भाऊ, खरेदीदार आणि त्याची हिशेबनीसबाई वरच्या काचेच्या खोलीत बसले होते. खाली घडीचं यंत्र खटखटत होतं. दादाने चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला.

"तुझी वहिनी विचारत होती," तो म्हणाला, "वर्षाला चार प्रमाणे दहा वर्षांचे चाळीस होतात. मग अठराच कसे?"

"अगं म्हणावं, आज मिळतायत ना. आजचे अठरा बारा टक्क्यांनी वाढत ठेवले, तर त्यातूनच ते दहाही हप्ते निघतील."

"बारा टक्के देतंय कोण?"

धाकटा घोटभर पाणी प्यायला. प्रश्न वहिनीचा असणार. दादाला एवढं सुचत नसे. "बाजारात आता बारानेच मोजतात, दादा. धोका केवढा वाढलाय."

"तुझंही बारानेच?"

खरेदीदार टेबलावरच्या टाचणीशी खेळू लागला. धाकट्याने मनात झटकन आकडे मांडले. दादाचे तेवीसातले पाच लाख घटले, म्हणजे पाचवा हिस्सा आणि वर थोडं. आपले आठने नऊ लाख चौदा हजार. पाचवा हिस्सा म्हणजे फार तर दोन लाख जातील. अडीचातून दोन गेले, तरी अर्धा लाख उरतो, आणि वर भावाचा विश्वास फुकटात.

"तर काय," तो म्हणाला. "भावाभावांत दोन दर कसे? लिहूनच टाका, दोघांना एकच दर."

दादाचा चेहरा निवळला. त्याने चष्मा चढवला आणि सही ठोकली.

हिशेबनीसबाई एवढा वेळ गणकयंत्रावर बोटं चालवत होती. तिने कागद धाकट्यापुढे सरकवला. "तुमचे चार लाख बासष्ट हजार."

"चुकलंय काहीतरी."

"पुन्हा करून बघितलं. तुमचा हप्ता दादांच्या मागे बारा वर्षांनी. दर दरवर्षी चावतो हो. त्यांना तीन वर्षं चावला, तुम्हाला पंधरा."

धाकट्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दादाने कागद ओढून पाहिला.

"अरे, तुझं तर निम्मं झालं. हे कसलं रे? माझं जाऊ दे, मला थोडीफार जमीन आहे. तुझी पोरं अजून शाळेत. साहेब, आठच ठेवा दोघांचं. हवं तर माझी सही खोडतो."

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. आठने नऊ लाख चौदा हजार, बाराने वरकमाई धरूनही सात बारा. दोन लाख त्या एका अक्षरात होते.

"करू की आठ," खरेदीदार गोड हसला. "फक्त आमचं धाकट्यांशी जे ठरलंय, तेही मग पहिल्यापासून बोलावं लागेल. इथेच बोलू."

"काय ठरलंय?" दादाने विचारलं.

हिशेबनीसबाईने पेनाचं टोपण काढून पुन्हा लावलं. दादा धाकट्याकडे बघत होता. संशयाने नव्हे, काळजीने, आणि धाकट्याला तेच सोसेना.

"काही नाही, दादा. ताबा कधी द्यायचा, ते." त्याने पेन घेतलं. "बाराच बरोबर आहे. व्यवहार म्हणजे व्यवहार."

"तू मोठा झालास रे," दादा म्हणाला, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. धाकट्याने सही केली.

संध्याकाळी अडीच लाखांचं पाकीट धाकट्याच्या हातात आलं, तेव्हाचा ताळा असा: दादाचे गेले पाच लाख, न कळता. धाकट्याचे गेले साडेचार आणि आले अडीच. म्हणजे दोन लाख गेले, पुरते कळून. खरेदीदाराचे वाचले सात.