पहिल्या अंकातलं हसू

इस्पितळाला शंभर वर्षं होत आली, तेव्हा तिथल्या जुन्या दालनात एक प्रदर्शन भरवायचं ठरलं. त्याचं काम कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या बाईंकडे आलं. सुरुवातीच्या परिचारिकांबद्दल लिहिताना त्यांनी त्या काळच्या एका गाजलेल्या नाटकातलं वाक्य मोठ्या अक्षरात फलकावर लावलं. पहिल्या अंकात मुलगा एका परिचारिकेशी लग्न करू पाहतो, तेव्हा नाटकातला सासरा म्हणतो, "दिवसभर परक्या पुरुषांचे हात धरणारी मुलगी माझ्या घराची सून व्हायची नाही." खाली बाईंनी लिहिलं होतं : तेव्हाचा समाज परिचारिकांकडे असा पाहत होता.

उद्घाटनाच्या आठवडाभर आधी एक आजी काठी टेकत आल्या. त्या याच इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या आणि सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांची आईही इथे, त्याच नाटकाच्या काळात, परिचारिका होती. फलकासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग थेट मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. परिचारिका व्हायला येणाऱ्या नव्या मुली पहिल्याच दिवशी हे वाचणार का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांना वाद नको होता. त्यांनी बाईंना फलक काढून टाकायला सांगितलं.

बाईंना राग आला. जुना अपमान झाकला म्हणून तो झाला नव्हता असं थोडंच होतं? आपली बाजू पक्की करावी म्हणून त्या नाटक पुन्हा वाचायला बसल्या, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. तिसऱ्या अंकात हाच सासरा तापाने फणफणतो आणि त्याच मुलीच्या हाताने पाणी पितो. लेखकाने त्याला हास्यास्पद करून ठेवलं होतं. हे बाईंना माहीत नव्हतं असं नाही. पण वाक्य इतकं चपखल होतं, की पुढचं त्यांनी नजरेआड केलं होतं.

मग त्यांनी त्या वेळच्या वर्तमानपत्रांतली परीक्षणं काढली. एकाने लिहिलं होतं, हा सासरा घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या मनातलं बोलतो. दुसऱ्याने लेखकालाच झोडपलं होतं, वडीलधाऱ्यांची टिंगल केली म्हणून. दोघेही शहरातले, शिकलेले, तिकीट काढून नाटक पाहणारे. ज्यांनी ते नाटक कधी पाहिलंच नाही, त्यांना काय वाटत होतं, हे त्यातून कळायला मार्ग नव्हता.

बाई मावशींच्या घरी गेल्या. आपली चूक आधी कबूल केली आणि मग विचारलं, तुमच्या आईने ते नाटक पाहिलं होतं का?

मावशींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. आई दोन मैत्रिणींबरोबर अगदी मागे बसली होती, त्या सांगू लागल्या. त्या वाक्याला सगळं थिएटर हसलं. शेवटी टाळ्या पडल्या, पण रस्त्यावर तिसरा अंक कुणाच्या तोंडी नव्हता. पुढे कित्येक दिवस आई गणवेशात निघाली की कोपऱ्यावरची टवाळ पोरं तेच वाक्य फेकायची.

"तिला फार लागलं असेल," बाई म्हणाल्या.

"लागलंच. पण थिएटरात ती स्वतःही हसली होती." मावशींचा आवाज खाली आला. "का हसलीस, असं मी विचारलं, तर म्हणाली, सगळे हसत होते आणि मला उठून जाता येत नव्हतं. हसले ते सगळे सासऱ्याच्या बाजूचे, असं मोजायला निघालात बाई, तर त्यात माझी आईही आली की."

बाईंनी हे फलकावर लिहू का, असं विचारलं. मावशींनी मान डोलावली, पण बाईंना त्याखाली 'आईची आठवण, मुलीने सांगितलेली' असं का लिहायचंय ते त्यांना पटेना. मी खोटं बोलते का? बाईंनी समजावलं, की आपण जे ऐकलं ते कुणाकडून, कधी ऐकलं हे सांगायलाच हवं. नाटकाला जो नियम, तोच आपल्यालाही. दुसऱ्या दिवशी मावशींचा निरोप आला : लिहा.

वाक्य फलकावर राहिलं. खाली ते कुणाच्या तोंडी आहे आणि नाटकात त्याचं पुढे काय होतं, हे आलं. दोन्ही परीक्षणं आणि आईची आठवण आली. शेवटी बाईंनी लिहिलं : हा आक्षेप प्रेक्षकांच्या ओळखीचा होता, एवढं या नाटकावरून म्हणता येतं. तो किती जणांना मान्य होता, हे म्हणता येत नाही. डॉक्टरांनी ते वाचलं आणि फलक राहू दिला.

उद्घाटनाला नव्या मुली घोळक्याने आल्या. वाक्य वाचून एक जण खुदकन हसली. बाकीच्या तिच्याकडे पाहू लागल्या. मावशी काठी टेकत तिच्यापाशी गेल्या.

"का हसलीस गं?"

मुलगी ओशाळली. "इथे नाव घातलं तेव्हा आमचे काका हेच म्हणाले होते. जवळजवळ शब्दाला शब्द."

"आणि वडील?"

"वडील काही बोलले नाहीत. मला इथवर सोडून गेले."

मावशींनी तिचा हात धरला आणि तिला बाकावर आपल्याशेजारी बसवून घेतलं. बाई जरा लांब उभ्या होत्या. त्यांनी काहीच टिपून घेतलं नाही.