दोन चौके

वहिनीने मला स्वयंपाकघरात गाठलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊजी, एक काम करा. आजच्या आठ बाटल्यांतल्या दोन जागी एकच वाइन ठेवा. कुठे ते मला सांगू नका. कुणालाच नका."

"आणि तुला ओळखू नाही आली तर?"

"तर उद्या हॉटेलला कळवते, परीक्षेला दुसऱ्या कुणाला पाठवा."

वहिनी हॉटेलात वाइन वाढते. वाइनच्या परीक्षेला हॉटेल यंदा एकाच माणसाला बसवणार होतं, आणि ते माणूस वहिनी. पण दोन महिन्यांपूर्वी तापात तिचं नाक गेलं. हळूहळू वास परत यायला लागले खरे, पण आता तिचा स्वतःच्या नाकावरच भरवसा राहिला नव्हता. कॉफी आहे असं दिसलं की कॉफीचा वास येतो, म्हणायची. न दिसता आला तर खरा. म्हणून हा घाट. बाकीच्यांना वाटत होतं, शनिवारची गंमत आहे.

तयारी तिनेच केली. प्यायची माणसं पाच, बाटल्या आठ, म्हणजे चाळीस ग्लास लागणार होते. घरात एकसारखे वीसच निघाले. मग ठरलं, चार-चारच्या दोन फेऱ्या, मध्ये ग्लास साध्या पाण्याने विसळायचे, साबण नको. सगळ्या वाइन पांढऱ्या, सारख्याच गार. एका ग्लासात चाळीस मिली, स्टीलच्या मापाने. थुंकायला प्रत्येकी एक कप, तोंड साफ करायला साधा पाव आणि पाणी. आणि एक सक्त नियम होता: सगळ्यांचे आकडे लिहून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. या नियमाचा सगळ्यात जास्त त्रास माझ्या दादाला होणार, हे उघड होतं.

ओतणं आणि बेरीज माझ्याकडे आली. मी हिशेबनीस. मला पांढऱ्या वाइनमधलं ओ की ठो कळत नाही, हीच माझी पात्रता.

बाटल्या ओळखू येऊ नयेत म्हणून मी त्यांच्या मानेवरचे कागद सोलले, बुचं काढून ठेवली आणि प्रत्येक बाटली खाकी पिशवीत घालून गळ्याशी दोरी बांधली. आकडे काढले मामांनी. आईचे हे भाऊ पस्तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेत. जाड कुंचल्याने एक ते आठ असे झोकदार मराठी आकडे त्यांनी काढले, की पिशव्या फ्रेम करून लावाव्यात. जुळी वाइन मी ४ आणि ७ मध्ये ठेवली आणि तशी चिठ्ठी खिशात टाकली. बर्फाच्या टबातून काढताना आठवी पिशवी ओली होऊन फाटली. मी दुसरी घेतली, पेनाने आकडा घातला आणि विषय संपवला.

पाहुणे दोनच. एक दातवाले, म्हणजे दादाचे दंतवैद्य मित्र. येताना ते स्वतःची बाटली घेऊन आले आणि दारातच म्हणाले, "कितीही झाका, माझी मी डोळे मिटून ओळखणार." तीच मी आठव्या पिशवीत घातली होती. दुसरी केकवाली, वहिनीच्याच हॉटेलात केक करते.

"अहो डॉक्टर," केकवाली म्हणाली, "तुमच्या हातांना लवंगेच्या तेलाचा घमघमाट येतोय. आधी हात धुऊन या."

दातवाले निमूट गेले. वहिनी काहीच बोलली नाही. ते मी मनाच्या वहीत टिपून ठेवलं.

पहिली फेरी झाली, ग्लास विसळले, दुसरी झाली. खोलीत फक्त सुरसुर आणि पेन्सिलींची खरखर. गुणपत्रकं वहिनीनेच आखली होती: रंगाला दोन, वासाला सहा, चवीला आठ, एकंदरीला चार. वीसपैकी. दादाने एकदा "वा!" म्हटलं, तर सगळ्यांनी त्याच्याकडे परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखं पाहिलं.

पत्रकं गोळा करून मी चिठ्ठी वाचायला उभा राहिलो.

"आठ नंबर, डॉक्टरांची बाटली. डॉक्टरांनी दिलेत सतरा. त्यांचा सगळ्यात वरचा आकडा."

"सांगितलं नव्हतं?" दातवाले खुर्चीतच फुगले.

"आणि चार व सात या दोन्हींत एकच वाइन होती."

वहिनीने हात पुढे करून आपलं पत्रक मागितलं. चारला अकरा, सातला सोळा. एकाच वाइनला. तिने पत्रक घडी करून ठेवलं आणि म्हणाली, "ग्लास आत ठेवते." आवाज गरजेपेक्षा जास्त नीट होता.

ती आत गेली. मी पत्रक उघडलं. तळाशी पेन्सिलीने, दोनदा अधोरेखित: ७ आणि ८ एकच. नक्की.

सातला सोळा, आठलाही सोळा. शेरेही तेच: हिरवं सफरचंद, ओला दगड. बेरीज जुळत नसली की आधी दुसऱ्याची चूक शोधायची नाही, आपली शोधायची, हे मला धंद्याने शिकवलंय. मी उठून स्वयंपाकघरातल्या टबांकडे गेलो.

पहिल्या फेरीत ओतलेल्या बाटल्या मी एका टबात ठेवल्या होत्या, दुसरीतल्या दुसऱ्या. पहिल्या टबात पिशव्या होत्या १, २, ३ आणि माझ्या हाताची, ऑफिसातल्या अक्षरातली: 8. दुसऱ्या टबात ५, ६, ७ आणि मामांची झोकदार ४.

मराठी आकड्यांच्या रांगेत मी इंग्रजी 8 काढला होता, आणि पहिल्या फेरीत मामांचा ४ समजून तोच उचलला होता. शेवटी उरली ती आठवी, म्हणून तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

"वहिनी! चौथ्या ग्लासात आठवी होती आणि आठव्यात चौथी. तू बरोबर आहेस. गाढव मी आहे."

"भाऊजी, मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगू नका."

"थांबा थांबा," बाहेरून दातवाले, "म्हणजे माझी बाटली चौथ्या ग्लासात?"

मी त्यांचं पत्रक वाचलं. "चौथ्याला सात गुण. शेरा: पातळ, आणि रागावल्यासारखी."

दादा इतका हसला की त्याला थुंकायचा कप लागला. "आकडे एकदा ठरले की ठरले," असं दातवाले म्हणत राहिले, पण ऐकणार कोण?

वहिनीला मात्र पुरावा हवा होता. मग केकवालीने सुचवलं: तीन ग्लास, दोनांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी, वेगळा ओळखायचा. वहिनी पाठ करून बसली. सातवी आणि डॉक्टरांची बाटली घेऊन मी ओतलं, या वेळी पिशव्या फाडून, लेबलं वाचून. तिने नुसतं हुंगलं, प्यायलीच नाही.

"मधला."

जागा बदलल्या. "पहिला." परत बदलल्यासारखं केलं. तिने तिन्ही पुन्हा हुंगले. "परत पहिलाच. मला फसवायला नाही हलवलात."

"नशिबाने तिन्ही बरोबर यायचे तर सत्तावीसात एकदा," मी म्हणालो.

"सत्तावीस कोणत्या आकड्यात लिहिणार?" मामांनी विचारलं.

वहिनी हसली, वळली आणि दातवाल्यांकडे पाहून म्हणाली, "डॉक्टर, लवंग अजून गेलेली नाही हं. मघाशी दारातच मला आली होती. म्हटलं, भास असेल."

दातवाले दुसऱ्यांदा हात धुवायला गेले, आणि वहिनीने उरलेली सातवी सगळ्यांना ओतली. माप न लावता.