आवक ठीक आहे

त्या वर्षीच्या उन्हाळ्यातल्या एका बुधवारी, सकाळी दहाच्या सुमारास, शहराच्या पाणीपुरवठा केंद्राच्या पहिल्या मजल्यावरील प्रयोगशाळेत मुख्य टाकीच्या तीन नमुन्यांचे निकाल येऊन पोहोचले. केंद्राचे नायट्रेट मोजण्याचे यंत्र ऐन वेळी मान टाकून बसले होते. म्हणून बाटल्या बाहेरगावी धाडाव्या लागल्या होत्या. निकालांची वाट पाहत कोणी थांबले नव्हते. केंद्राच्या मुख्य अभियंत्यांनी हिशेब करून, आधीच्या रविवारीच, पाणी पिण्यास योग्य असल्याचे जाहीर केले होते.

या अभियंत्यांना हाताखालची मंडळी त्यांच्या पाठीमागे 'दशांशराव' म्हणत. चहात साखर किती, या प्रश्नालाही ते दशांश चिन्हानंतरच्या आकड्यासह उत्तर देतील, अशी केंद्रात थट्टा चाले. थट्टेत आदरही होता, कारण माणूस सहसा चुकत नसे.

प्रकरण असे घडले होते. नदीकाठी खताने भरलेला ट्रक उलटला आणि पोती फुटून खत पाण्यात गेले. टाकीत नायट्रेट लिटरमागे एकशेचाळीस मिलिग्रॅमवर चढले. पंचेचाळीसच्या वर ते तान्ह्या मुलांना घातक. त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच ते हिरावून घेते, आणि मूल निळे पडते. पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही. पाणी आटते, ते तेवढेच उरते. नगरपालिकेने 'पिऊ नका' अशी दवंडी पिटवली, टँकर लावले, नदीतला राडा उपसला आणि शनिवारी सकाळी पंप पुन्हा सुरू झाले.

पुढचा हिशेब दशांशरावांच्या हातचा मळ होता. टाकी सहा हजार घनमीटरची; तासाला पाचशे आत, पाचशे बाहेर. म्हणजे बारा तासांत टाकीभर पाणी येऊन जाते; हा एक बदल. पण येणारे पाणी जुन्यात मिसळत राहते आणि मिसळलेलेच बाहेर पडते. म्हणून एका बदलात जुने सगळे जात नाही, शंभरातले सदतीस भाग मागे उरतात. दुसऱ्या बदलानंतर साडेतेरा, तिसऱ्यानंतर पाच. 'तीन बदल झाले की टाकी धुतली' हा नियम त्यांनी केंद्रातल्या प्रत्येकाच्या डोक्यात ठोकून बसवला होता. एकशेचाळीसचे पाच टक्के म्हणजे सात. त्या हिशेबावर रविवारी संध्याकाळी बंदी उठली.

बुधवारी प्रयोगशाळेच्या रसायनतज्ज्ञ बाईंनी पाकीट फोडले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, हे काहीतरी भलतंच आहे. एकशेआठ, सत्त्याण्णव, ब्याण्णव."

"नमुना कोपऱ्यातल्या साचलेल्या पाण्याचा घेतला असेल."

"तिन्ही वेळा कोपऱ्यातला? मी स्वतः प्रत्येक बदलानंतर मधोमध दोरी सोडून घेतले. तुमच्या हिशेबाने शेवटचा सात यायला हवा होता. आता काय, टाकीला खोटं पाडायचं?"

दशांशरावांनी कागद ओढला. एकशेचाळीस ते एकशेआठ : उतार बत्तीस. तिथून सत्त्याण्णव : अकरा. तिथून ब्याण्णव : पाच. प्रत्येक उतार आधीच्याच्या साधारण सदतीस टक्के. किंचित मागेपुढे, नमुन्यात व्हायचेच तेवढे. म्हणजे टाकी अगदी नियमाने वागत होती. वेग तोच, मिसळणे तेच. फक्त ती उतरत होती ती शून्याकडे नव्हे. सारे उतार अखेरपर्यंत मिळवले तर पन्नासच्या आसपास भरत होते; एकशेचाळीसमधून पन्नास गेले की उरले नव्वद. टाकी नव्वदवर येऊन टेकणार होती आणि महिनोन्महिने तिथेच राहणार होती.

"आत येणारं पाणीच नव्वदचं आहे," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "दर बदलाला सदतीस टक्के उरतात ते जुन्या पाण्याचे नव्हेत, बाई. जुन्या आणि येणाऱ्या पाण्यात जो फरक आहे, त्याचे. मी येणारं पाणी शून्य धरलं."

"नदी तर स्वच्छ होती!"

"नदी होती. आपण उपसतो ती काठची विहीर. खत वाळूत मुरलंय, तिथून झिरपतंय."

"मग टाकी रिकामी करू. घासून धुऊ. हवं तर जुनी टाकीही जोडू."

"घासा, धुवा, दुप्पट मोठी करा. भराल याच पाण्याने. लहान टाकी लवकर नव्वदला पोचेल, मोठी सावकाश. पोचणार दोघीही."

त्यांनी पंपघरात फोन लावून टाकीची झडप बंद करायला सांगितले. मग विचारले, "शनिवारी मी तुला विचारलं होतं, आवक ठीक आहे ना?"

"हो साहेब, आणि मी सांगितलं, एकदम ठीक. पाचशेला पाचशे, काटा हलला नाही." पंपवाला गोंधळून गेला. "का, मीटर बिघडलाय का?"

केंद्रात आवक म्हणजे तासाला किती पाणी, एवढेच. वीस वर्षे खुद्द दशांशरावांनीच तो शब्द तसा वापरला होता. शनिवारी मात्र त्यांनी विचारले होते एक आणि ऐकले होते दुसरे. पंपवाल्याने पाणी किती ते सांगितले, त्यांनी शुद्धता ऐकली. त्या माणसाला बोल लावण्यासारखे काहीच नव्हते.

बाई नगरपालिकेला फोन लावत असतानाच दशांशरावांच्या खिशातला फोन वाजला. जावई होता.

"बाबा, बाळाचे ओठ निळे पडलेत. आम्ही दवाखान्यात आलोय."

बाळ सव्वा महिन्याचे. आईला दूध पुरत नव्हते, म्हणून डब्यातली भुकटी पाण्यात कालवून देत. रविवारी बंदी उठताच मुलीने फोन केला होता, "बाबा, दवंडीवर माझा विश्वास नाही, तुम्ही सांगा. बाटलीला वापरू?" आणि ते हसून म्हणाले होते, "तीन बदल झालेत, पोरी. खुशाल वापर. वाटलं तर जंतूंसाठी उकळून घे."

दवाखान्यात पोहोचताच त्यांनी डॉक्टरांना आधी पाण्याचे सांगितले, मग स्वतः कोण ते. डॉक्टरांनी रक्ताची कुपी उजेडात धरली. रक्त तपकिरी होते. औषध लगेच शिरेतून गेले. तासाभराने बाळाच्या ओठांवर गुलाबी छटा परतली.

"हे वाचेल," डॉक्टर म्हणाले. "सकाळी आणलेलं वाचलं नाही. हृदयाचा दोष समजून आम्ही भलतीकडेच धावत होतो. पाण्याचं तेव्हा कळतं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिले.

शेजारच्या खाटेवरची चादर काढून नेली होती. गादीवर एक लहानसे टोपडे राहून गेले होते. बाहेरच्या बाकावर एक तरुण बाई रिकामी बाटली मांडीवर घेऊन बसली होती आणि कोणीतरी तिचे खांदे धरून होते. दशांशराव तिच्यासमोरून गेले. थांबायचे धैर्य त्यांना झाले नाही.

मुलगी खाटेच्या कठड्याला टेकून उभी होती. ते जवळ जाऊन हळू आवाजात सांगू लागले : हिशेब बरोबर होता, सूत्रात काही चूक नव्हती, फक्त येणाऱ्या पाण्याचा आकडा चुकीचा धरला गेला; त्यांनी पंपवाल्याला विचारले होते, त्याने ठीक आहे म्हणून सांगितले, शब्दाचा घोटाळा झाला...

"त्या पंपवाल्याला मी ओळखत नाही, बाबा," ती बाळावरची नजर न काढता म्हणाली. "मी तुम्हाला विचारलं होतं. न तपासता तुम्ही हो म्हणालात. चूक तुमची आहे."